मित्रांचं तान्हं बाळ पहिल्यांदा बघायला जाताना काय बोलावं?

निनाद_वाकड

कॉलेजातले माझे दोन जवळचे मित्र, आता नवराबायको, त्यांना मुलगी झाली. बाळ सतरा दिवसांचं आहे. सिझर झालं. तिची आई आलेली होती, पण वडिलांची तब्येत बिघडली म्हणून तिला सांगलीला परत जावं लागलं. सासूबाई पुढच्या महिन्यात येणार. त्यामुळे बारसं पुढे ढकललंय आणि सध्या फ्लॅटमध्ये दोघं आणि बाळ, एवढेच. सकाळी मालिशवाल्या मावशी येऊन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालून जातात.

काल मित्राचा फोन आला, "रविवारी ये रे, बरं वाटेल." आवाज इतका ओढलेला होता की क्षणभर ओळखू आला नाही. तिच्याशी बोलू का विचारलं तर म्हणाला, "ती आत्ताच रडून झोपली आहे." मी रविवारी संध्याकाळी सातला जायचं ठरवतोय.

माझं अजून लग्न झालेलं नाही, घरात लहान मूल नाही. अशा घरात शिरल्यावर पहिलं वाक्य काय असावं? काय विचारूच नये? बाळ हातात मागावं का? दोघं मला फार जवळची आहेत आणि माझ्या जाण्याने त्यांना खरंच बरं वाटावं एवढीच इच्छा आहे.

श्रीरंग

अभिनंदन कळवा. चांदीचे वाळे किंवा कमरेची साखळी द्यावी, आयुष्यभर राहते. मात्र वाळ्यांना घुंगरू असतील तर ते घट्ट आहेत ना हे सोनाराकडून बघून घ्या, कारण सुटलेला घुंगरू बाळाच्या तोंडात जाऊ शकतो. कपडे घेणार असाल तर तीन महिन्यांच्या पुढच्या मापाचे घ्या. नवजात मापाचे सगळेच आणतात आणि ते महिन्याभरात तोकडे होतात.

मुक्ता

श्रीरंगजी, त्यांचा प्रश्न बोलण्याचा आहे, पण कपड्यांच्या मापाचं अगदी खरं आहे.

निनाद, माझं बाळ चार महिन्यांचं आहे, त्यामुळे हे सगळं ताजं आहे. भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने तीन प्रश्न विचारले. नॉर्मल की सिझर? दूध पुरतं ना? रात्री झोपू देतं का? तीनही आपुलकीनेच विचारलेले असतात हे मला तेव्हाही कळत होतं. पण पहिल्याचं उत्तर "सिझर" दिलं की समोरच्याचा चेहरा "अरेरे" असा होतो, दुसऱ्याचं उत्तर मला स्वतःलाच ठाऊक नसायचं, आणि तिसऱ्याचं उत्तर द्यायचं तर रडू यायचं.

एक मैत्रीण आली ती न सांगता थेट हात धुवायला गेली. मग माझ्याजवळ बसून म्हणाली, "तू जेवलीस का?" मी जेवले नव्हते. तिने ताट वाढून आणलं आणि मी खाईपर्यंत बाळाच्या पाळण्याजवळ बसून राहिली. बाळाबद्दल बोलली ते सगळ्यात शेवटी. त्या दिवसांत माझ्याकडे आधी बघणारी ती एकटीच होती.

आणि कृपा करून सातला जाऊ नका. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते दहा म्हणजे रडण्याची वेळ असायची.

परिचारिका_शुभा

मी नाशिकला प्रसूती विभागात बरीच वर्षं काम केलं, आता आयांना स्तनपानाबद्दल मार्गदर्शन करते. मुक्ता म्हणाली त्या "दूध पुरतं ना?" बद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पाहुण्याच्या तोंडून सगळ्यात सहज निघणारा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न तोच आहे.

पहिल्या काही आठवड्यांत बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. यातलं बरंचसं पिणं संध्याकाळी एकापाठोपाठ येतं. बाळ दहा मिनिटं पितं, सोडतं, रडतं, पुन्हा मागतं. हे दोन-तीन तास चालतं. दूध संपल्यामुळे हे होतं असं नाही. या वयातल्या बाळांची ही रीतच आहे. रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत कमी होतं.

आता बघा, नेमक्या त्या वेळी पाहुणा सोफ्यावर बसलेला आहे. तो म्हणतो, "भुकेलं दिसतंय, पोट भरत नसेल." पाहुणा निघून जातो, वाक्य घरात राहतं. रात्री घाबरून बाटलीतून पावडरचं दूध दिलं जातं. बाळ त्या वेळी अंगावर पीत नाही. आईचं दूध बनतं ते बाळ जितकं ओढेल तितकं. ओढणं कमी झालं की बनणंही कमी होतं. दोन आठवड्यांनी दूध खरोखरच कमी झालेलं असतं, आणि सगळे म्हणतात, "बघ, तेव्हाच म्हटलं होतं."

वजनाचंही तसंच. समजा बाळ जन्मलं तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होतं आणि तिसऱ्या दिवशी २ किलो ६८० भरलं. घरचे हादरतात. पण ही २२० ग्रॅमची घट म्हणजे जन्मवजनाच्या साधारण साडेसात टक्के. अंगातलं जास्तीचं पाणी जातं, काळी शी होते, त्यामुळे पहिल्या दिवसांत वजन उतरतंच. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर डॉक्टर बाळाला तपासतात आणि पाजणं नीट होतंय का ते बघतात. मग रोज २० ते ३० ग्रॅम वाढत दोन आठवड्यांच्या सुमाराला बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. तेव्हा दहाव्या दिवशी येऊन "किती बारीक आहे गं" म्हणणारा माणूस, अगदी व्यवस्थित चाललेल्या बाळाच्या आईला अपराधी करून जातो.

दूध पुरतंय का हे पाहुण्याला बघून कळत नाही. ते कळतं ओल्या लंगोटांवरून. पाच दिवसांनंतर दिवसाला निदान सहा लंगोट चांगले ओले व्हावेत. आणि कळतं काट्यावरून. दोन्ही गोष्टी आई आणि बालरोगतज्ज्ञ बघतात. म्हणून निनाद, दूध, वजन आणि रंग या तीन विषयांवर तू काहीही बोलू नकोस, चांगलंसुद्धा नको. "किती गोरी आहे" हेही मोजमापच आहे.

आजी_कोल्हापूर

पोरा, आमच्यात बारशाआधी बाहेरच्या माणसाने बाळंतिणीच्या खोलीत जायचंच नाही. दहा दिवस सोयर. आताच्या पोरींना ते जाच वाटतो, पण त्या निमित्ताने बाळंतीण निजायची आणि पोराला बाहेरचं काही लागायचं नाही. बारसं झालं नसेल तर तू दारातूनच विचारपूस कर.

दुधाचं म्हणशील तर पहिले तीन दिवस दूध नसतंच. आम्ही मध चाटवायचो आणि तिसऱ्या दिवसापासून पाजायचो. सगळी पोरं धडधाकट निघाली. आणि संध्याकाळी पोर किरकिरतं ते दिवेलागणीला दृष्ट लागते म्हणून. मीठमोहऱ्या ओवाळल्या की गप होतं.

जाताना अळिवाचे लाडू घेऊन जा. आणि बाळाला "गोड आहे" म्हणू नकोस, नुसतं कपाळावरून हात ओवाळ.

परिचारिका_शुभा

आजी, दहा दिवस माणसं लांब ठेवायची हे अतिशय शहाणपणाचं होतं आणि मी आजही आयांना तेच सांगते. अळिवाच्या लाडवांनाही माझा पूर्ण पाठिंबा, लोह असतं त्यात.

पण मधाचं ऐकू नका असं मला सगळ्यांना सांगावंच लागेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यातल्या जंतूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. आणि पहिले तीन दिवस दूध नसतं असंही नाही. थोडंसं, घट्ट, पिवळसर दूध असतं आणि त्या दिवसांत बाळाचं पोटही इवलंसं असतं, त्याला तेवढंच लागतं. सिझरनंतर भरपूर दूध उतरायला कधीकधी एखादा दिवस जास्त लागतो, एवढंच.

मुक्ता

दृष्टीवरून माझ्या सासूबाई आणि माझ्यात अजून एकमत नाही. कुणी "गोड आहे" म्हटलं की मला आनंद होतो, त्यांना धाकधूक होते. घरात वडीलधारं माणूस असेल तर मी कौतुक जरा हळू करते. या दोघांकडे सध्या मोठं कुणी नाही, त्यामुळे निनादने मनापासून कौतुक करावं असं मला वाटतं.

आजी_कोल्हापूर

मधाचं डॉक्टर म्हणत असतील तर राहू दे. दृष्टीचं मी सोडणार नाही.

नवखा_बाबा

निनाद, तुमचा मित्र तुम्हाला "बरं वाटेल" म्हणाला. हे वाक्य फार मोठं आहे. मी सात महिन्यांपूर्वी त्याच जागी होतो.

येणारा प्रत्येक जण बाळाकडे जातो, मग बाळाच्या आईकडे, आणि बापाला म्हणतो, "काय, पार्टी कधी?" किंवा "आता झोप विसर." मी तेव्हा रात्री दोन, चार आणि सहाला उठत होतो. लंगोट, टाक्यांची औषधं, गरम पाणी, सकाळी ऑफिसचे कॉल. मला कुणी पार्टी कधी विचारलं की खोलीतून निघून जावंसं वाटायचं.

माझ्या चुलतभावाने मला गॅलरीत नेऊन एवढंच विचारलं, "तुझं कसं चाललंय? खरं सांग." आणि मग गप्प राहिला. सल्ला दिला नाही. मी पंधरा मिनिटं बोललो असेन. तुमच्या मित्राला हे विचारा, पण तिच्यासमोर नको. तिच्यासमोर तो "मस्त" असंच म्हणणार.

श्रीरंग

अहो, पूर्वीच्या काळी एवढा विचार न करता माणसं जायची, बसायची, चहा घ्यायची. दोन तास गप्पा झाल्या की बाळंतिणीचं मनही रमायचं.

मुक्ता

तेव्हा तो चहा करायला घरात तीन बायका असायच्या हो. इथे तो चहा कोण करणार? तीच उठणार किंवा तिचा नवरा. सिझरचे टाके असताना सोफ्यावरून नुसतं उठायलाही पोटाला हात धरावा लागतो.

निनाद_वाकड

सगळ्यांचे आभार. इतक्या आपुलकीने लिहिलंत.

तीन शंका आहेत. एक, वेळ सात नको तर कोणती? दोन, "काही लागलं तर सांग" हे वाक्य मी फोनवर म्हणालो होतो, त्यावर तो नुसता "हो" म्हणाला. याहून बरं काय म्हणता येईल? तीन, मला परवापासून खालच्या ओठावर पाण्याचे बारीक फोड आलेत, दगदग झाली की मला ते होतात. ताप, सर्दी काही नाही. मास्क लावून गेलो तर चालेल ना?

परिचारिका_शुभा

तिसऱ्यापासून सुरुवात करते. रविवारी जाऊ नकोस.

ओठांवरचे ते फोड ज्या विषाणूमुळे होतात तो तुझ्या-माझ्यासाठी किरकोळ आहे, पण पहिल्या महिन्यातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत आणि यकृतापर्यंत पोचू शकतो. बाळं दगावलेली आहेत. फोडाला लागलेला हात बाळाला लागला तरी पुरतं, म्हणून नुसत्या मास्कवर मी विसंबणार नाही. खपली पूर्ण पडून खालची कातडी कोरडी झाली की जा. फोड नसतानाही बाळाचा पापा घ्यायचा नाही, ना गालाचा ना हाताचा. हात बाळ लगेच तोंडात घालतं.

मित्राला खरं कारण सांग. "माझ्या ओठावर फोड आलेत, ते बाळाला धोक्याचे असतात, म्हणून या रविवारी येत नाही, पुढच्या रविवारी येतो. जेवणाचा डबा मात्र आज दाराशी ठेवून जातो." यात तुझ्या दुसऱ्या शंकेचंही उत्तर आहे. "काही लागलं तर सांग" म्हटलं की काय लागतंय ते शोधायचं, शब्दांत मांडायचं आणि मागायचं हे काम त्यांच्यावर पडतं. चार तासांची सलग झोप न मिळालेल्या माणसाला ते जमत नाही. आपण ठरवून सांगावं आणि त्यांनी फक्त हो किंवा नाही म्हणावं.

वेळेबद्दल सांगायचं तर सकाळी अकरा बरी. मालिश-अंघोळ झाली की बाळ गाढ झोपतं, घर शांत असतं.

मुक्ता

शुभाताई, इथे मात्र मी वेगळं सांगेन. अकराला बाळ झोपायचं तेव्हाच मी झोपायचे, दिवसातली तेवढीच खरी झोप. त्या वेळी बेल वाजली की जीव नकोसा व्हायचा. मला चार-साडेचार बरी वाटायची.

परिचारिका_शुभा

बरोबर आहे तुझं. प्रत्येक घराचं निराळं असतं. निनाद, त्यालाच दोन वेळा सुचव, अकरा की चार, आणि निघण्यापूर्वी पुन्हा मेसेज कर. बेल वाजवू नकोस, दाराशी पोचल्यावर मेसेज कर.

केतकी_आइन्डहोवन

माझं पहिलं बाळंतपण इथे नेदरलँड्समध्ये झालं, आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. इथे बाळंतपणानंतर पहिला आठवडाभर रोज काही तास घरी प्रशिक्षित बाई येते, या सेवेला क्राम्झोर्ग म्हणतात. बाळाचं वजन, आईचे टाके, पाजणं सगळं ती बघते, आणि पाहुण्यांनाही आवरते. आमच्याकडे आलेल्या त्या बाई पाहुण्यांना अर्ध्या तासाने सरळ कोट आणून द्यायच्या. मला तेव्हा फार अवघड वाटलं, आता त्यांची आठवण काढते.

पाहुण्यांना इथे गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेली बडीशेपेसारखी बी पसरून देतात. बाळंतिणीला दूध येतं या समजुतीने ती बी आली म्हणे. मला आईच्या बाळंतशेपांची आठवण झाली आणि मी तिथेच रडले.

निनाद, जेवण नेणार असाल तर एका हाताने खाता येईल असं न्या. दुसऱ्या हातात बाळ असतं. दशम्या, ठेपले, पराठ्याची गुंडाळी. आमटीभात मी तेव्हा गार करूनच खाल्ला.

नवखा_बाबा

डबा परत करायचा नाही असल्या डब्यातून न्या. आमच्या ओट्यावर लोकांचे धुऊन ठेवलेले सात डबे होते आणि कुठला कुणाचा ते आठवेना.

निनाद_वाकड

शुभाताई, आणखी एक. ती रडून झोपली असं तो म्हणाला, ते मनातून जात नाही. मी तिला काय विचारू? डॉक्टरसारखं विचारायचं नाहीये.

परिचारिका_शुभा

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच आयांना उगाचच रडू येतं. शरीरातले संप्रेरकांचे बदल, झोप नाही, टाके, त्यात आई निघून गेलेली. हे रडणं सहसा दोन आठवड्यांत ओसरतं. तिचे सतरा दिवस झालेत, म्हणजे आता जरा लक्ष ठेवायला हवं, पण घाबरायला नको.

मी आयांना एक साधा प्रश्न विचारते, तो तूही विचारू शकतोस. "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?" बाळ जागवतं म्हणून झोप नाही, ही गोष्ट वेगळी. बाळ शांत झोपलंय, घरात सांभाळायला माणूस आहे, तरी ती टक्क जागी आहे, छाती धडधडते, हे असेल तर लक्ष द्यायला हवं. खाणंपिणं नकोसं होणं, "मला हे जमणारच नाही", "मी नसते तर बरं झालं असतं" अशी बोलणी, हे ऐकलं तर हसण्यावारी नेऊ नकोस आणि "आता आई झालीस, खंबीर हो" असं तर चुकूनही म्हणू नकोस. म्हण, "बरं झालं मला सांगितलंस. हे बऱ्याच जणींना होतं आणि औषधोपचारांनी बरं होतं. डॉक्टरांकडे जायला मी सोबत येतो, किंवा तेवढा वेळ बाळाजवळ थांबतो." सरकारची टेलिमानस मदतवाहिनी आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलतात, कुठल्याही वेळी. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचं बोलली तर एकटं सोडायचं नाही, त्याच क्षणी दवाखाना.

आणि ती नुसती दमलेली असेल, तर "कंटाळलीस ना? चालेल, कंटाळा यायचाच" एवढं ऐकूनही ती मोकळी होईल. दमलेल्या आईला "हे दिवस पुन्हा येत नाहीत" हे ऐकायचं नसतं.

निनाद_वाकड

काल जाऊन आलो, सविस्तर लिहितो.

गेल्या रविवारी गेलो नाही. फोडांचं खरं सांगितलं, डबा दाराशी ठेवला. ओठ पूर्ण बरा झाल्यावर काल त्यांनीच चारची वेळ सांगितली. ठेपले, आणि माझ्या आईने केलेले अळिवाचे लाडू नेले. अत्तर लावलं नव्हतं, घड्याळ-अंगठी घरी ठेवली होती. पोचल्यावर आधी कोपरापर्यंत हात धुतले.

ती पलंगावर टेकून बसली होती. मी म्हणालो, "तुला बघायला आलोय. कशी आहेस?" ती जरा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "बाळ दाखवू?" मी म्हणालो, "दाखव, पण आधी हे खा." तिने दोन ठेपले खाल्ले. तेवढ्यात मित्राला मी आतल्या खोलीत झोपायला पाठवलं. तो पाच मिनिटांत घोरायला लागला.

बाळ मी मागितलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "घेणार?" मी खाली मांडी घालून बसलो आणि तिने मांडीवर दिलं. मान कशी धरायची ते तिने दाखवलं. मी म्हणालो, "तुझा आवाज आला की वळून बघते ही." खरंच बघत होती. ती पहिल्यांदा हसली.

मग शेजारच्या काकूंचा विषय निघाला. त्या रोज सांगतात की संध्याकाळी रडते म्हणजे दूध कमी आहे, वरचं सुरू कर. मी पुरतं-न पुरतं काहीच म्हणालो नाही. फक्त म्हणालो, "ओले लंगोट किती होतात ते लिहून ठेव आणि सोमवारी बालरोगतज्ज्ञांना दाखव, वजनही होईल. काकूंना सांग, डॉक्टरांनी बघितलंय." तिने तिथल्या तिथे मोजले, आदल्या दिवसाचे आठ निघाले. झोपेचाही प्रश्न विचारला. झोप लागते म्हणाली, फक्त मिळत नाही. आई गेल्याचं मात्र फार बोलली. मी ऐकलं.

पाऊण तास बसलो, ठरवल्यापेक्षा जास्त, कारण मित्र झोपला होता आणि तीच म्हणाली त्याला उठवू नकोस. दोरीवरचे लंगोट घडी करून ठेवले. निघताना सांगितलं, "दर बुधवारी रात्रीचा डबा माझ्याकडून, नको असेल त्या दिवशी मेसेज कर."

नवखा_बाबा, तुम्ही सांगितलेलं मित्राशी बोलणं राहून गेलं. त्याला फोन करणार आहे.

नवखा_बाबा

फोनपेक्षा बुधवारी डबा द्यायला जाल तेव्हा त्याला खाली बोलवा. सोसायटीत एक चक्कर मारा. चालताना बोलणं सोपं जातं.

राधिका_ठाणे

धागा वाचत होते, माझं वेगळं आहे. माझ्या मैत्रिणीला बत्तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, दीड किलोचा. तो अजून नवजात अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत आहे, ती घरी आली आहे. लोकांनी तिला अभिनंदनसुद्धा केलेलं नाही, काय बोलावं कळत नाही म्हणून कुणी जातच नाही. मला जायचं आहे. अभिनंदन म्हणावं का?

आजी_कोल्हापूर

म्हणावं. लेकरू जन्माला आलंय. माझ्या धाकट्या जावेला सातव्या महिन्यात झालं होतं, कुणी पेढा खाल्ला नाही तिच्याकडे. ते तिने शेवटपर्यंत धरून ठेवलं.

परिचारिका_शुभा

आजी अगदी बरोबर बोलल्या. राधिका, अभिनंदन म्हण आणि बाळाला काय हाक मारतात ते विचार, आणि मग त्याच नावाने बोल. "घरी कधी आणणार?" हे विचारू नकोस, कारण ते तिला रोज डॉक्टरांना विचारायचं असतं आणि उत्तर मिळत नाही. "निदान तुला झोप तरी मिळतेय" असंही नको. ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पंपाने दूध काढत असेल आणि ते दवाखान्यात पोचवत असेल. बाळ जवळ नसताना यंत्राला दूध द्यायचं हे फार कठीण असतं.

त्याऐवजी विचार, "आज त्याला छातीशी घेतलंस का?" कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. बाळाची ऊब टिकते, वजन वाढायला मदत होते. पण डॉक्टरांनी अजून परवानगी दिली नसेल तर हा प्रश्नही दुखेल, म्हणून तिच्या नवऱ्याला आधी विचारून घे.

मदत करायची तर जाण्यायेण्याची कर. सिझर असेल तर तिला ठाण्याच्या रिक्षांचे धक्के सोसत नसतील.

राधिका_ठाणे

सिझरच आहे. माझ्याकडे गाडी आहे, दुपारची ने-आण मी करू शकते. नवऱ्याला आत्ताच मेसेज केला. पेढे घेऊन जाऊ का, आजी?

आजी_कोल्हापूर

घेऊन जा. पावशेर ने, आणि पहिला तिच्या हातावर ठेव.